फौजी आजोबांचा स्वेटर सपाट का दिसत होता

गोष्ट छोटीच होती. जानेवारीतली पहाट, धुळ्याचं बसस्थानक, लांब पल्ल्याच्या गाडीतून उतरणारे फौजी आजोबा आणि त्यांना घ्यायला आलेली नात. आजोबांच्या अंगात चामड्याचं जॅकेट, आत आजीनं विणलेला वेण्यांचा स्वेटर, डोक्यावर फरची कानटोपी, खांद्यावर घोंगडी. चोवीस पानांचं मुलांचं पुस्तक. मजकूर माझा आणि चित्रं नाशिकच्या एका तरुण चित्रकाराची. तो मला ताई म्हणतो, मी त्याला अरेतुरे करते. आमची भेट पुस्तक छापून झाल्यावरच झाली. तोवर सगळं फोनवर आणि लेखी वर्णनावर चाललं.

पहिल्या चित्रासाठी मी त्याला लिहून पाठवलं होतं: 'आजोबांनी तपकिरी लेदर जॅकेट, आत क्रीम रंगाचा जाड विणीचा स्वेटर आणि काळपट फरची टोपी घातली आहे. खांद्यावर घोंगडी.' चित्र आलं. चेहरा सुरेख, मिशा तर अगदी आमच्या गल्लीतल्या सुभेदारकाकांसारख्या. पण कपडे म्हणजे रंगवायच्या पुस्तकातले कप्पे. एक तपकिरी कप्पा, एक क्रीम, एक काळा. स्वेटरवर दोन नागमोडी रेघा होत्या, त्या त्यानं माझ्यावर उपकार म्हणून काढल्यासारख्या वाटत होत्या.

मी जरा चिडूनच फोन केला. त्यानं शांतपणे माझंच वाक्य मला वाचून दाखवलं. "ताई, यात तीन रंग आहेत आणि तीन नावं आहेत. मी तेच काढलंय." खरंच होतं. 'जाड' हा शब्द मी लिहिला होता, पण जाडी दिसते कुठे ते लिहिलं नव्हतं. जाडी कडेला दिसते, घडीत दिसते, सावलीत दिसते. कपड्याच्या मधोमध ती दिसतच नाही.

फोटो पाठवून मोकळी का झाले नाही, असं कुणीही विचारेल. पाठवला होता की. आईनं वडिलांसाठी विणलेला तसाच स्वेटर कपाटात होता. तो पलंगावर पसरून मी रात्री मोबाइलचा फ्लॅश मारून फोटो काढला होता. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारून निघतो, त्यामुळे जी सावली पडते ती उंचवट्याच्या मागे लपते आणि कॅमेऱ्याला दिसतच नाही. फोटोत वेण्या होत्या, पण कागदावर छापल्यासारख्या. चित्रकारानं इमानदारीनं त्या छापील वेण्या उतरवल्या होत्या.

वळण आलं ते दोन दिवसांनी लाइट गेली तेव्हा. स्वेटर तसाच पलंगावर होता. मी टॉर्च लावला आणि तो हातातून गादीवर आडवा पडला. प्रकाश कापडाला घासून जायला लागला आणि स्वेटरचा डोंगराळ मुलूख झाला! वेण्या वर आल्या, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या घळी अंधारात गेल्या, प्रत्येक पिळाच्या पोटाखाली एक लहानशी काळी कोर उमटली. टॉर्च उचलून वरून धरला की सगळं गायब. पुन्हा आडवा ठेवला की परत. आई म्हणाली, "झोप आता, बॅटरी घालवशील." मी अर्धा तास तो खेळ करत बसले.

आपल्याकडे वैशाखात दुपारी बाराला शेताकडे पाहिलं तर नांगरट दिसत नाही, सगळं एक पांढुरकं भगभगतं. तेच शेत संध्याकाळी साडेसहाला पाहा, ढेकूळ न् ढेकूळ मोजता येतं. स्वेटरचंही तेच. माझी गोष्ट पहाटेची होती, सूर्य नुकता वर आलेला, म्हणजे उजेड आडवाच येणार होता. आणि हे मी चित्रकाराला सांगितलंच नव्हतं! गोष्टीत 'पहाट' लिहिलं होतं, वर्णनात नव्हतं.

दुसऱ्या वेळी मी रंग शेवटी टाकला. आधी उजेड कुठून येतो, मग काय वर आलंय, काय आत गेलंय. 'उजेड डावीकडून, जमिनीलगत. छातीवर तीन उभे दोर, बोटाएवढे जाड, कापडातून वर आलेले. दोरांच्या मध्ये खोलगट घळी. दोराची डावी बाजू उजळ, उजवी बाजू सावलीत, घळ सगळ्यात गडद. रंग सायीचा, पण घळीत तो जवळजवळ मातकट होतो.' चित्र आलं आणि मी खूश झाले. खोली आली होती. आई मात्र मोबाइल डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "ही वेणी नाही. या जिलब्या आहेत."

तिचं बरोबर होतं. चित्रकारानं आठाचे आकडे एकाखाली एक मांडले होते. प्रत्येक आठात दोन्ही पट्टे एकमेकांना छेदत होते, पण कोण वर आणि कोण खाली ते कळत नव्हतं. दोर वर आल्यासारखा दिसत होता, पण गुंफलेला दिसत नव्हता. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण पीळ कसा पडतो ते मलाच माहीत नव्हतं. आई चाळीस वर्षं विणतेय आणि मी एक साधा मफलरही पुरा केलेला नाही.

मग तिनं सुया काढल्या आणि एक तुकडा विणून दाखवला. हे सविस्तर सांगते, कारण वर्णनाची किल्ली इथेच होती. आधी दोन टाके उलट, मग सहा सुलट, मग पुन्हा दोन उलट. सुलट टाके पुढे फुगतात, उलट टाके मागे बसतात. म्हणजे नुसत्या या मांडणीनंच सहा टाक्यांचा पट्टा वर येतो आणि बाजूला नाली पडते. पिळाच्या ओळीला ती सहापैकी पहिले तीन टाके एका छोट्या सुईवर उतरवून घेते. खरी केबलची सुई तिच्याकडे कधीच नव्हती, संपलेली रिफील वापरते. रिफील कापडाच्या पुढच्या अंगाला सोडून देते, पुढचे तीन टाके आधी विणते, मग रिफीलवरचे तीन. झालं. पुढे सोडलेले तीन टाके उजवीकडून डावीकडे चढत जातात आणि दुसरे तीन त्यांच्या पाठीमागून उजवीकडे सरकतात. मग सात ओळी सरळ, आठवीला पुन्हा पीळ.

म्हणजे पिळाच्या जागी कापड खरोखर दुहेरी असतं. तीन टाके तीन टाक्यांवर स्वार. तिथेच ते सगळ्यात उंच असतं, आणि ओढ पडल्यामुळे तिथेच सगळ्यात अरुंदही. दोन पिळांच्या मधल्या भागात पट्टा सैल होतो, पसरतो, किंचित खाली बसतो. दोर एकसारख्या जाडीचा नसतो. तो फुगतो, आवळतो, फुगतो, आवळतो. मी 'बोटाएवढे जाड दोर' लिहून ही सगळी हालचाल मारून टाकली होती.

आणखी एक गोष्ट तिनं नखानं दाखवली. सुलट टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. हे व्ही पट्ट्याच्या दिशेनं कलतात. पट्टा डावीकडे चढला की त्याच्यावरचे सगळे व्हीही डावीकडे झुकतात. चित्रात पट्टा तिरका काढला आणि त्याच्यावरचे टाके सरळ उभे ठेवले, तर तो पट्टा स्वेटरवर रंगवल्यासारखा दिसतो, स्वेटरमधून निघाल्यासारखा दिसत नाही. वेणी खोटी का वाटते हे ओळखायचं असेल तर आधी टाक्यांचा कल बघायचा.

तिसरं वर्णन असं गेलं: 'प्रत्येक दोर दोन पदरांचा. दर पिळाला उजवा पदर वरून डावीकडे जातो, डावा त्याच्या खालून उजवीकडे. दर वेळी हेच, बाजू बदलत नाही. पदर जिथे खाली शिरतो तिथे वरच्या पदराची सावली त्याच्यावर पडते, ती सावली चंद्रकोरीसारखी. पिळाशी दोर अरुंद आणि उंच, मध्ये रुंद आणि ढिला. टाक्यांचे व्ही पदराच्या कलानं.'

आता मोजमापाचा घोळ झाला. मी पट्टी घेऊन बसले होते. दहा सेंटीमीटरमध्ये वीस टाके, म्हणजे एक टाका पाच मिलिमीटर. एका पिळापासून दुसऱ्या पिळापर्यंत साधारण तीन सेंटीमीटर. हे आकडे मी उत्साहानं पाठवले. त्यानं उलट विचारलं, "पानावर आजोबा चौदा सेंटीमीटर उंच आहेत. टाका कुठे बसवू?" हिशेब केला. एकशे सत्तर सेंटीमीटरचा माणूस चौदा सेंटीमीटरमध्ये, म्हणजे बारापट लहान. पीळ अडीच मिलिमीटरचा होतो, तो दाखवता येतो. टाका अर्ध्या मिलिमीटरच्याही आत जातो. तो काढायला गेलं तर नुसती राखाडी खरखर होते, आणि खरखर म्हणजे पुन्हा सपाट रंगच, फक्त मळका.

म्हणून आम्ही दोन वेगळी वर्णनं केली. पूर्ण उभ्या आजोबांच्या चित्रात टाका शब्दही नाही. फक्त दोर, घळ, पिळाखालची कोर. आणि नात त्यांना मिठी मारते त्या पानावर, जिथे अख्खं पान म्हणजे आजोबांची छाती, तिथे व्ही, त्यांचा कल, आणि कडेला उजेडात दिसणारी लोकरीची लव. ही लव मी आधी विसरले होते. लोकरीच्या धाग्यातून बारीक तंतू सुटलेले असतात. उजेडाच्या बाजूला कपड्याची कड त्यामुळे रेघेसारखी कापलेली दिसत नाही, तिच्याभोवती धुरकट प्रभा असते. कड धारदार काढली की लोकरीचं प्लास्टिक होतं.

घोंगडीवर मी फार वेळ घालवला नाही, पण तिनं एक धडा दिला. मी सवयीनं 'तीही लोकरीचीच' असं लिहिलं आणि त्यानं तिच्यावरही टाके काढले! घोंगडी विणतात मागावर, सुयांवर नाही. तिच्यात व्ही नसतात, घळी नसतात. साक्रीकडचे ठेलारी मेंढ्या घेऊन फिरतात, त्यांच्या खांद्यावर पाहा: घोंगडी अंगावर पडत नाही, उभी राहते. चिंचोक्याची खळ दिलेली असली की ती नवी असताना जवळजवळ पुठ्ठ्यासारखी असते. म्हणून तिचं वर्णन पृष्ठभागावरून केलंच नाही. 'खांद्यावर कोन करून बसलेली, घडीला गोलाई नाही, कडेला राठ केस उभे' एवढं पुरलं. एकाच धाग्याच्या दोन वस्तू शेजारी आल्या की त्या घडीवरून वेगळ्या करायच्या.

जॅकेटसाठी मी आग्रा रोडवरच्या एका चांभारकाकांकडे गेले. चपलेचा अंगठा तुटला होता, ते निमित्त. त्यांना विचारलं, चामडं आहे हे लांबून कसं ओळखता? त्यांनी हातातलं काम न थांबवता अहिराणीत सांगितलं, "चामडं मोडस, कापड पडस." चामडं मोडतं, कापड पडतं. यापेक्षा चांगलं वर्णन मला लिहिता आलं नाही, मी ते तसंच नाशिकला कळवलं.

मोडणं म्हणजे काय, ते त्यांनी एका जुन्या बॅगेवर दाखवलं. कापडाला खूप घड्या पडतात आणि त्या मऊ असतात. चामड्याला थोड्या पडतात, मोठ्या पडतात, आणि रोज त्याच जागी पडतात. जॅकेटमध्ये त्या कोपराच्या आतल्या बाजूला आणि काखेत असतात, पंख्यासारख्या पसरलेल्या. घडीच्या माथ्यावर घासून रंग उडतो आणि चकाकी येते. खोबणीत मळ बसून ती काळी पडते. म्हणजे झिजलेल्या चामड्यात उंच जागा फिकट आणि चमकदार, खोल जागा गडद आणि मंद. रेक्झीनचं वेगळं. ते झिजत नाही, तडकतं, पापुद्रे निघतात आणि खालचं कापड दिसतं. माझ्या पहिल्या वर्णनात 'जुनं जॅकेट' होतं आणि चित्रकारानं त्याला तडे दिले होते. बिचाऱ्या आजोबांना त्यानं रेक्झीन नेसवलं होतं.

चामड्याची चमक हीच सगळ्यात फसवी गोष्ट निघाली. लोकर उजेड पिऊन टाकते, त्यामुळे तिच्यावर उजेड ते सावली असा उतार असतो. चामडं उजेड परत फेकतं, त्यामुळे घडीच्या कण्यावर एक अरुंद, ठळक पट्टा चमकतो आणि लगेच शेजारी गडद होतं. मधला उतार फार थोडा. मी लिहिलं, 'चमक सगळीकडे नको. डाव्या खांद्याचा कणा, कॉलरची दुमड, कोपराच्या तीन घड्यांचे माथे, बस. चमकेची कड एका बाजूला धारदार. शिलाईपाशी चामडं दबलेलं, टाक्यांच्या मध्ये फुगलेलं. पुढची कड कापलेली दिसते, तिथे चामड्याची जाडी दाखव.' त्या शेवटच्या वाक्यानं जादू केली. कापलेली कड दिसली आणि जॅकेटला वजन आलं.

टोपीचं काम लवकर आटोपलं, कारण आमच्या शेजारच्या घरी तशी टोपी होती, कृत्रिम फरची. मी ती दिव्यासमोर धरली. फर म्हणजे केसांचा ढीग नाही, केसांचे झुबके आहेत. झुबक्यांना दिशा असते, कपाळापासून मागे. वळणावर, कान झाकायची पट्टी दुमडते तिथे, झुबके फाकतात आणि आतलं गडद बूड उघडं पडतं. बाकी सगळीकडे फक्त टोकं दिसतात. प्राण्याच्या खऱ्या फरमध्ये खाली दाट मऊ लव आणि वर लांब राठ केस असे दोन थर असतात, आणि केसाचं टोक निमुळतं होत जातं. कृत्रिम फरचे केस बहुतेक एका उंचीचे, टोकाशी कापलेले. आजोबांची टोपी खरी वाटायला हवी होती, म्हणून मी दोन उंचीचे केस सांगितले. आणि सांगितलं की केस मधोमध काढू नकोस, काठावर काढ. आकाशाच्या समोर टोपीची कड तुटक, उजेड टोकांतून आरपार. मधल्या भागात दोन-तीन फाकलेल्या जागा, एवढंच.

मग व्हायचं तेच झालं. चौथ्या चित्रात सगळंच होतं. दोर, कोर, व्ही, लव, घड्या, चमक, झुबके, राठ केस. आजोबांचा चेहरा शोधावा लागत होता. मी सांगितलेलं त्यानं सगळं काढलं होतं आणि सगळं सारख्या जोरात काढलं होतं. गंमत म्हणजे लांब धरून पाहिलं तर चित्र पुन्हा सपाटच! सगळीकडे सारखीच खडबड असली की डोळा ती एकच करड्या रंगाची पट्टी समजून सोडून देतो.

इथे मात्र चित्रकारानं मला शिकवलं. पोत सगळ्यात जास्त दिसतो तो उजेड आणि सावली यांच्या सीमेवर. भर उजेडात तो धुऊन निघतो, भर सावलीत बुडतो. म्हणून छातीच्या डाव्या दोरावर त्यानं जवळपास काही ठेवलं नाही, फक्त कड आणि लव. मधला दोर सीमेवर होता, त्याच्यावर सगळे पीळ आणि सगळ्या कोरी. उजवा दोर जॅकेटच्या सावलीत, त्याचा फक्त आकार. डोळा मधला दोर वाचतो आणि बाकीचे दोन स्वतःच पुरे करतो. त्यानंतर माझ्या वर्णनात मी एक ओळ हमखास टाकायला लागले: कुठे दाखवायचं नाही.

तपासायची एक युक्तीही त्यानंच दिली. चित्र काळं-पांढरं करायचं आणि टपाल तिकिटाएवढं लहान करायचं. तरीही लोकर, चामडं, फर वेगवेगळी ओळखू आली तर पोत खरा आहे. नुसते तीन करडे ठिपके दिसले तर आपण रंगाच्या जिवावर जगत होतो. आमचं पहिलं चित्र असं करून पाहिलं तर जॅकेट आणि टोपी एकच झाली होती.

छापखान्यातून नमुना आला तेव्हा आणखी एक झटका बसला. कागद चकचकीत नव्हता, शाई त्याच्यात मुरून ठिपके पसरले होते आणि जॅकेटच्या खोबणी भरून गेल्या. पडद्यावर दिसणारे गडद तपकिरीचे तीन टप्पे कागदावर एकच झाले. उपाय साधा होता: सगळ्यात गडद भाग सोडून बाकीचं जॅकेट दोन पायऱ्या उजळ केलं आणि घड्यांच्या माथ्यांवरची चमक थोडी रुंद केली. पडद्यावर ते आता जरा फिकट वाटत होतं. कागदावर बरोबर आलं.

शेवटचा नमुना मी आईला दाखवला. मिठीचं पान. तिनं चष्मा पुसला, बोट दोरावर ठेवून वरून खाली नेलं, मग पुन्हा वर नेलं.

"हा माझा पीळ नाही," ती म्हणाली. "मी रिफील पुढे सोडते, माझा पदर डावीकडे चढतो. हा उजवीकडे चढलाय. यानं मागे सोडून विणलाय."

मी नाशिकला फोन लावला. तो दोन मिनिटं गप्प होता, मागे माउसच्या टिचक्या ऐकू येत होत्या. मग म्हणाला, "ताई, नातीचं तोंड पानाच्या आतल्या बाजूला यावं म्हणून मी काल अख्खं चित्र आडवं फिरवलं. आरशासारखं." आणि जरा थांबून, "थांबा, मग जॅकेटची बटणंही बायकांच्या बाजूला गेलीत की."

ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.